टीचरची वर्कशीट आणि माझी एक वाया गेलेली रात्र

मी लालबागला घरूनच डीटीपीचं काम करते, आधी शिकवण्या घ्यायचे त्यामुळे आसपासच्या शाळांतल्या बायका मला नुसतं टायपिंग नाही तर प्रश्न काढायला पण सांगतात. तर आमच्याच चाळीतल्या एक टीचर आहेत, त्यांचा एकदा रात्री साडेआठला व्हॉट्सॲप आला, बहुतेक ट्रेनमधूनच, "अगं अपूर्णांकाची एक वर्कशीट दे ना, उद्या सकाळी लागेल". बस्स एवढंच.

मी म्हटलं टीचरकडे पाचवी असते, म्हणजे पाचवीच असणार. बसले आणि २० बेरजा-वजाबाक्या काढल्या, छेद समान असलेल्या, सगळ्या पर्यायवाल्या, उत्तरसूची सुद्धा केली. साडेबाराला पाठवलं. सकाळी साडेसहाला त्यांचा फोन, "अगं हे काय, मला चौथीची कच्ची मुलं दिलीयत, त्यांना अजून पाव-अर्धा-पाऊण कळत नाही, बेरीज कुठून करणार?"

चूक कोणाची म्हणाल तर माझीच. अपूर्णांक चौथीत पण आहेत, पाचवीत पण आणि सहावीत पण. साधा 3/4 घ्या. चौथीच्या मुलाला गोलाचे चार सारखे भाग करून त्यातले तीन रंगवायला द्यायचे आणि त्याला पाऊण म्हणायचं. पाचवीत तोच 3/4 म्हणजे छेद १२ केला तर अंश किती ते विचारायचं, उत्तर ९. सहावीत त्याला 2/5 ने गुणायला लावायचं, 6/20 येतं, संक्षेप करून 3/10. धडा त्याच नावाचा पण तीन वेगळी कामं, आणि इयत्ता माहीत नसेल तर तुम्ही नक्की कुठलं काम देताय ते तुम्हालाच माहीत नसतं.

पुढच्या वेळी मी शहाणी झाले आणि लगेच तीन प्रश्न टाकले, कुठली इयत्ता, किती प्रश्न, कसले प्रश्न. उत्तर आलं, "पाचवी गं. १०-१५ घे. मिक्स कर." आता मिक्स म्हणजे काय करू मी कपाळ? तेव्हा कळलं की दमून घरी आलेल्या बाईला असं मोकळं विचारलं की मोकळंच उत्तर येतं. म्हणून मीच एक अंदाज लिहून पाठवला, "पाचवी, समान छेदाची बेरीज, ६ पर्यायवाले आणि ४ शाब्दिक, एका पानावर, चालेल?" दोन मिनिटांत उत्तर, "नको, शाब्दिक दोनच, तास ३५ मिनिटांचा, हजेरी आणि पेपर वाटण्यात दहा जातात". बघा, ही खरी माहिती! चुकीचं काही समोर दिसलं की टीचर लोकांचा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. २५ मिनिटं उरली, शाब्दिकला वाचून, मांडून, सोडवून चार-पाच मिनिटं धरावीच लागतात, म्हणजे दोन शाब्दिक आणि आठ छोटे, झाले १०.

पर्यायवाले का हवेत ते पण मी विचारलं, तर म्हणाल्या कोण नक्की कुठे चुकतंय ते बघायचंय. मग पर्याय उगाच कुठलेही आकडे टाकून चालत नाही. 2/7 + 3/7 ला 5/7 बरोबर, पण बाजूला 5/14 ठेवायचाच, कारण छेदांचीही बेरीज करणारी मुलं नेमकी तिथे जातात. 6/7 ठेवला तर गुणाकार करणारे सापडतात. नुसते मार्क हवे असते तर मी रिकाम्या जागाच दिल्या असत्या, चार पर्यायांत एखादं पोरगं डोळे मिटून टिक करतं तरी साधारण चारातलं एक बरोबर येतंच की.

आणि हो, एक झेरॉक्सवाल्याकडून शिकलेली गोष्ट, चौथीसाठी रंगवलेले गोल देताना राखाडी रंग भरू नका. झेरॉक्समध्ये तो कधी काळा ठिक्कर येतो तर कधी उडूनच जातो, तिरक्या रेघा मारा.

आता टीचर स्वतःच नीट लिहितात. परवाचा मेसेज होता, "सहावी, अपूर्णांक गुणाकार, १० प्रश्न, ८ छोटे २ शाब्दिक, एक पान". मी खूश, तासाभरात पाठवून दिलं. दहा मिनिटांनी फोन, "अगं, वर्ग सेमीचा आहे, अंश-छेद नको, न्यूमरेटर-डिनॉमिनेटर कर, आणि ती शाब्दिकं पण इंग्लिशमध्ये."

गॅसवर कुकर होता, तो बंद करून परत बसले.