घोड्यावर कोण?

माळा आवरायला घेतला आणि अल्बम हाती लागला, की आवरणं तिथंच संपतं. ज्या घरात एकसारखी जुळी असतात, तिथे तर आख्खी दुपार जाते. दोघं शेजारी उभे असलेले फोटो पटापट उलटले जातात. गाडी अडते ती एकट्याच्या फोटोपाशी. जत्रेतल्या लाकडी घोड्यावर चार वर्षांचा एक पोरगा बसलाय, पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, तेल थापून पाडलेला भांग. दुसरा चौकटीबाहेर कुठेतरी आपली पाळी यायची वाट बघत रडत असणार.

"हा धाकटा."

"छे, मोठा. धाकट्याचा चेहरा जरा लांबट."

"जरा" हाच इथला घोळ आहे. जुळ्यांच्या घरातल्या खुणा ऐकून बघा: याचं नाक किंचित बसकं, तो थोडा सावळा, याचे गाल भरलेले. यातली एकही खूण एकट्या माणसाची नाही. बसकं कुणापेक्षा? भरलेले कुणापेक्षा? घरातल्यांचा डोळा दोघांमधला फरक टिपायला तयार झालेला असतो, आणि दोघं समोर असले तर तो क्वचितच चुकतो. एकाला उचलून नेलं की तराजूचं दुसरं पारडंच गेलं. मग उरतो तो नुसता चेहरा, आणि तो दोघांचाही असतो.

एरवी आई पाठमोऱ्या पोरालाही ओळखते, पण ती चेहऱ्यावरून ओळखत नसतेच. पायरी उतरताना आधी कुठला पाय टाकतो, हाक मारली की मान कशी वळवतो, कुठल्या अक्षरावर अडखळतो, यावरून ओळखते. कॅमेरा घेतो सेकंदाचा साठावा भाग. त्यात चालही नाही, आवाजही नाही. वर फोटोग्राफर "इकडं बघ, हास" म्हणून दरडावतो, म्हणजे जी काही ठेवण स्वतःची होती तीही गेली.

अशा वेळी हमखास कुणीतरी तिळावर येतं. मोठ्याच्या डाव्या गालावर तीळ आहे, भिंग आणा. तिळाची खूण तशी वाईट नाही. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांतही तीळ त्याच जागी उमटत नाहीत. पण तीळ बहुतेक करून जन्मानंतर येतात, बालपणात आणि तरुणपणी वाढत जातात. चाळिशीतला तीळ चौथ्या वर्षाच्या गालावर शोधणं म्हणजे आंब्याचं फळ कोयीत शोधण्यासारखं. आणि समजा होता. साडेतीन बाय पाच इंचांच्या छापात पोराचा चेहरा जेमतेम एक सेंटिमीटर. खरा चेहरा पंधरा सेंटिमीटरचा धरला तर सगळं पंधरापट लहान झालं, म्हणजे दोन मिलिमीटरचा तीळ कागदावर ०.१३ मिलिमीटर. हा छाप ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन केला तर त्या तिळाच्या वाट्याला तीन ठिपके येतात. धुळीच्या कणालाही तीनच येतात. फोटो मोठा करून "हा बघा तीळ" म्हणणारे मामा बहुधा धूळ दाखवत असतात.

व्रण त्या मानाने भरवशाचा, कारण व्रणाला तारीख असते. धाकटा सहाव्या वर्षी ओट्यावरून पडला आणि हनुवटीला टाके पडले, तर त्यानंतरच्या फोटोत प्रश्न मिटला. त्याआधीच्या फोटोत मात्र "व्रण नाही, म्हणजे मोठा" असं म्हणता येत नाही, आणि घरोघर नेमकं हेच म्हटलं जातं. म्हणून आधी फोटोचं साल काढायचं. छापाच्या पाठीवर लॅबचा शिक्का आहे का बघायचं, शेजारी उभ्या आत्याच्या लग्नाचा हिशेब लावायचा. कोपऱ्यातल्या नारिंगी तारखेवर फार विसंबू नये. सेल बदलल्यावर कॅमेऱ्यातली तारीख नीट लावणारा माणूस विरळा.

आता समजा, तीळ खरंच दिसला, उजव्या गालावर. पण मोठ्याचा तर डाव्या. इथे वाद पेटतो, आणि एक साधी गोष्ट कुणाच्या ध्यानात येत नाही: फोटोच उलटा छापलेला असू शकतो. जुन्या फोटोची जादा प्रत काढताना निगेटिव्ह पालथी बसली की डावं-उजवं बदलतं. अनोळखी पोराच्या फोटोत हे कळायचं कारणच नसतं. शिवाय काही जुळी आरशातल्यासारखीच असतात, एकाचा भोवरा उजवीकडे फिरतो, दुसऱ्याचा डावीकडे. अशांपैकी एकाचा फोटो पालथा छापला गेला, की तो चक्क दुसऱ्याचा फोटो होतो.

उलटा छाप ओळखायचा तर चेहरा सोडून कपडे बघावेत. मुलग्याच्या शर्टाचा एकच खिसा असेल तर तो त्याच्या डाव्या छातीवर, म्हणजे बघणाऱ्याच्या उजव्या हाताला येतो. काजांची पट्टीही डाव्या बाजूची, ती वर. मागे उभ्या बायकांचे पदर डाव्या खांद्यावर हवेत (गुजराती शेजारीण असेल तर तिची साक्ष धरू नये). दुकानाची पाटी दिसत असेल तर सोन्याहून पिवळं. निगेटिव्ह जपली असेल तर तिची चकचकीत बाजू आपल्याकडे धरावी. कडेचे आकडे सुलटे वाचता आले की चित्रही सुलटं.

हल्लीच्या फोटोंत हा घोळ फोनचा पुढचा कॅमेरा घालतो. काही फोन सेल्फी आरशासारखीच साठवतात, काही सुलटी करून. त्यात हात लांब करून काढलेल्या फोटोत जवळच्याचं नाक फुगतं. बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे तीस टक्के रुंद दिसतं, असा हिशेब २०१८ मध्ये मांडला गेला आहे. फोन धरणाऱ्या जुळ्याचं नाक मोठं आणि मागच्याचं नाजूक, मग "नाकावरून ओळख" सांगणारी मावशी छातीठोकपणे उलटं सांगते.

काही आया यावर आधीच तोड काढतात. तीट एकाच्या डाव्या गालाला, दुसऱ्याच्या उजव्या. युक्ती झकास, पण फोटो काढेपर्यंत पोर रडलेलं असतं आणि काजळ कानापर्यंत पोचलेलं असतं. पायाच्या अंगठ्याला नेलपॉलिश लावलं तर काही दिवस टिकतं, पण फोटोत पायात बूट. एकाच्याच मनगटाला काळा दोरा बांधला, तर दुसरा भुणभुण करून तो आपल्या मनगटावर बांधून घेतो. खरा उपाय कंटाळवाणा आहे: फोटो आला त्याच आठवड्यात, मऊ पेन्सिलीने, फार न दाबता, पाठीवर नाव लिहायचं. बॉलपेनाने नको, अक्षर पुढे चेहऱ्यावर उठतं. दोघं असतील तर "डावीकडून" लिहिताना बघणाऱ्याची डावी बाजू धरायची आणि तसं लिहूनही ठेवायचं.

शेवटी कुणीतरी म्हणतं, अरे, त्या दोघांनाच विचारा की. विचारतात. मोठा म्हणतो, मीच, घोड्याचा डावा कान तुटलेला होता, चांगलं आठवतंय. धाकटा म्हणतो, कान तुटलेला होता हे मीच तुला सांगितलं. यात कुणी खोटं बोलत नसतं. एकाच प्रसंगावर दोन्ही जुळी "हे माझ्या बाबतीत घडलं" असा हक्क सांगतात, हे तपासणारा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. पडणं-लागणं, शर्यत जिंकणं, असल्या आठवणींवर दोघांचंही नाव.

मग फोटो पालथा करतात. मागे आजोबांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं असतं: चि. बाळ, जत्रा.