अधिवेशनाच्या आठवड्यातले खोल्यांचे दर : माझा अनुभव

बेळगावात आमचे चौदा खोल्यांचे छोटे लॉज आहे. पावसाळ्यातला, लग्नसराईतला आणि एरवीचा असे तीन दर ठरवायला मला एक संध्याकाळ पुरली. अडलो ते डिसेंबरात, सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन भरते त्या आठवड्यात.

एका कार्यालयातून फोन आला की आठ खोल्या नेहमीच्या पंधराशे रुपयांनी राखून ठेवा. पत्र नाही, आगाऊ रक्कम नाही. तरी मी आठही खोल्या वहीत ‘गेल्या’ म्हणून शाईने लिहिल्या, आणि खरी चूक तिथेच झाली. मुक्कामाला पंधरा दिवस उरले असताना एरवी आमच्या तीन खोल्या गेलेल्या असतात. या वेळी वही अकरा दाखवत होती. मागणी उसळली आहे असे समजून मी उरलेल्या तीन खोल्यांचा दर चोवीसशे केला. वास्तविक पैसे भरलेली गिऱ्हाइके तीनच होती, म्हणजे बुकिंगचा वेग अगदी नेहमीचा होता. तीन दिवस आधीही त्यांत एकाची भर पडली नाही, तेव्हा मला शंका आली. मी रोज फोन करी आणि पलीकडून रोज एकच उत्तर येई, ‘साहेबांची मंजुरी यायची आहे.’ मंजुरी आदल्या संध्याकाळी आली, तीही पाचच खोल्यांची. त्या रात्री घाईने दर पुन्हा पंधराशेवर आणून आयत्या वेळी आलेल्या दोघांना खोल्या दिल्या. एकूण दहा भरल्या, चार रिकाम्या राहिल्या. दर न हलवता आणि खोल्या न अडवता त्या दिवसांत बारा तरी भरतात. दोन खोल्यांचे तीन हजार बुडाले. धुलाई, साबण, वीज यांचे खोलीमागे साडेतीनशे वाचले असे धरले तरी एका रात्रीचा तोटा तेवीसशेचा.

आता राखीव खोली मी पेन्सिलीने लिहितो आणि वेग मोजताना धरत नाही. सात दिवस आधी निम्मी रक्कम आली नाही तर ती विक्रीला मोकळी होते, आणि हे फोनवरच सांगून लगेच लेखी कळवतो. कार्यालयातल्या मंडळींना ते आवडत नाही; मला त्याचे मुळीच वाईट वाटत नाही.

एक सांगायचे राहिले. गेल्या वर्षीशी तुलना करताना तारखेला तारीख लावू नये, बुधवारला बुधवार लावावा. सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा मात्र पौर्णिमेवर चालते, तेव्हा तिथे वारही सोडून पौर्णिमेपासून दिवस मोजावे लागतात. अधिक मासाच्या वर्षी माझी जुनी वही त्यामुळेच दोन आठवड्यांहून अधिक चुकली होती.