१० बिग ब्लाइंड उरले तेव्हा मी काय केलं (माझा अनुभव)

आमच्या नागपूरला मे महिन्यात दुपारी बाहेर पडायची सोय नसते, म्हणून धंतोलीत एका मित्राकडे कूलर लावून आम्ही आठ जण पोकरची टुर्नामेंट खेळतो. पैसे बिलकुल नाही, प्लास्टिकच्या चिप्स, आणि जो पहिला बाद होईल त्याने सगळ्यांना तर्री पोहे खाऊ घालायचे. प्रत्येकाला १०,००० चिप्स, ब्लाइंड, म्हणजे दर डावात पत्ते वाटायच्या आधी दोघांनी सक्तीने टाकायच्या चिप्स, ५०/१०० पासून सुरू आणि दर २० मिनिटांनी वाढणार. ऐकायला निवांत वाटतं, कारण मोठा म्हणजे बिग ब्लाइंड १०० चा, तेव्हा सुरुवातीला हातात १०० बिग ब्लाइंड असतात. पण आमच्याकडे पत्ते हाताने पिसतात, मध्ये गप्पा, कोणी पाणी प्यायला उठतं, एका डावाला आरामात दोन मिनिटं जातात, म्हणजे एका लेव्हलमध्ये जेमतेम दहाच डाव. आठ जणांत एक चक्कर झाली न झाली की ब्लाइंड वाढलेच.

यावेळी मला पत्तेच आले नाही. चार-पाच लेव्हल नुसतं फोल्ड फोल्ड केलं आणि ४००/८०० ला पोचलो तेव्हा माझ्याकडे ८,००० उरले होते. चिप्सचा ढीग पाहून वाटतं की आहे अजून, पण मोजायचं असतं बिग ब्लाइंडमध्ये, आणि ते होते फक्त १०. त्यात आम्ही अँटी, म्हणजे ब्लाइंडशिवाय दर डावाला भरायची आणखी एक रक्कम, पण ठेवतो, बिग ब्लाइंडवालाच सगळ्यांची मिळून ८०० भरतो, म्हणजे काही न खेळता एका चक्करला ४०० अधिक ८०० अधिक ८००, सरळ २,००० जाणार. चार चकरांत मी साफ.

अशा वेळी साधा रेज करून चालत नाही. कमीत कमी १,६०० चा रेज केला तरी स्टॅकचा पाचवा हिस्सा गेला, आणि मागून कोणी ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, तर फोल्ड करायला जीव होत नाही आणि कॉल करायला पत्ते नसतात. म्हणून मी दोनच पर्याय ठेवले होते, ऑल-इन नाहीतर फोल्ड.

मग बटनवर, म्हणजे दोघा ब्लाइंडवाल्यांच्या बरोबर आधी बोलायच्या जागेवर, असताना बदामचा एक्का-पंजी आली. माझ्यापर्यंत सगळ्यांनी फोल्ड केलेलं, मागे फक्त दोघं ब्लाइंडवाले. हाच एक्का-पंजी घेऊन मी दुसऱ्याचा ऑल-इन कधी कॉल केला नसता, पण स्वतः ढकलण्यात दोन रस्ते असतात, समोरचे पळाले तर लगेच जिंकलो आणि नाही पळाले तरी पत्ते आहेतच. हिशोब असा, दोघं पळाले तर २,००० फुकट. बिग ब्लाइंडने कॉल केला तर पॉट होतो १७,२०० चा, त्यात मी १०० पैकी ३८ वेळाच जिंकेन असं धरलं तरी सरासरी नुकसान साधारण १,४६० चं. म्हणजे १०० पैकी ४३ वेळा जरी दोघांनी फोल्ड केलं तरी मी फायद्यात.

"काय बे, किती वेळ विचार करून राह्यला, टाक ना," असं चाललंच होतं. ढकलले. दोघांनी फोल्ड केलं.

थांबलो असतो तर? पुढची चक्कर ५००/१००० ने पडली असती, २,५०० गेले असते आणि पुन्हा बटनवर येईपर्यंत ५,५०० उरले असते. तेव्हा बिग ब्लाइंडवाल्याला फक्त ४,५०० टाकून ८,००० चा पॉट दिसतो, ३६ टक्के जिंकायची शक्यता असली की त्याला पुरे. आत्ता ८,००० च्या ऑल-इनला त्याला ७,२०० टाकावे लागत होते आणि ४२ टक्के हवे होते. स्टॅक जितका बारीक होतो तितकं समोरच्याला घाबरायचं कारण उरत नाही, आणि ३,००० वर आलात तर तो पत्ते न बघताही कॉल करेल.

मजा म्हणजे १०,००० झाले आणि तेवढ्यात लेव्हल वाढली, म्हणजे पुन्हा १० च बिग ब्लाइंड! चोरी केली ती फक्त जागेवर टिकायला. दोन-तीन डावांनी अठ्ठ्यांची जोडी आली, ढकलली, बिग ब्लाइंडवाल्याने एक्का-राणीने कॉल केला, माझं पारडं थोडंसंच जड, पण टेबलवर त्याला कामाचं काही आलं नाही आणि माझे २१,५०० झाले. शेवटी तिसरा आलो, पोहे दुसऱ्याच्या खिशातून.

त्यानंतर आम्ही घड्याळ बंद केलं. आता लेव्हल १५ डावांनी बदलते, बटनवाला वहीत रेघ मारतो, म्हणजे कोणी कितीही हळू पिसले तरी ब्लाइंड वाढायच्या आधी दर लेव्हलला तेवढेच डाव खेळायला मिळतात. गेम लांबतो ही तक्रार आहेच, म्हणून १५ चे १२ करायचे की नाही यावर सध्या वाद चालू आहे.