कार्डावर एक कंपनी, पत्रावर दुसरी

भाडेकरार घरी जाऊन ऑनलाइन रजिस्टर करून देणं हा माझा धंदा. लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन बॅगेत टाकायचं आणि निघायचं. नोकरदार मंडळी मोकळी असतात ती रविवारीच, त्यामुळे रविवार माझा सगळ्यात धावपळीचा.

वाकडच्या एका सोसायटीत पोचलो तेव्हा गेटपाशी सामानाने भरलेला टेम्पो उभा होता. ड्रायव्हर वैतागलेला. वर फ्लॅटमध्ये मालक काका, निवृत्त बँकवाले, चाव्यांचा जुडगा खिशात ठेवून बसलेले. समोर लातूरकडचा एक तरुण आणि त्याची बायको, घशाला कोरड पडलेली.

"हे बघा," काकांनी दोन कागद माझ्यापुढे सरकवले. "ओळखपत्रावर एका कंपनीचं नाव, नोकरीच्या पत्रावर दुसऱ्याच. आणि पत्र बंगळुरूचं! मी चावी देणार नाही."

आधारचं काम सोपं होतं. नुसत्या झेरॉक्सवर मी कधीच विसंबत नाही, कारण रंगीत प्रिंट कोणीही काढतं. आधारवरचा क्यूआर आधारच्याच अ‍ॅपमधून स्कॅन केला की त्यातलं नाव, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो समोर येतो. त्यावर सरकारची डिजिटल सही असते, त्यामुळे कागदावर खाडाखोड करून काही साधत नाही. सगळं जुळलं. काकांना त्याची झेरॉक्स हवी होती. मी मुलाला झेरॉक्सवर आडवं 'फक्त भाडेकरारासाठी' असं तारखेसह लिहून सही करायला सांगितली. ही सवय प्रत्येक भाडेकरूने लावून घ्यावी, पण दहातले नऊ जण लावत नाहीत.

प्रश्न पत्राचा होता. मला ते वाचताच उलगडा झाला, पण काकांना पटवणं वेगळं. मुलगा थर्ड पार्टी पेरोलवर होता. म्हणजे रोज कामाला जातो हिंजवडीच्या मोठ्या कंपनीत, गळ्यातलं कार्डही तिचंच. पण नेमणूक, पगार, पीएफ सगळं मनुष्यबळ पुरवणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे. अशा मुलाने कार्डावरच्या कंपनीचं पत्र आणलं असतं, तर उलट मीच खोदून विचारलं असतं.

"हे तुम्ही म्हणताय. त्यांचा एचआर कुठे फोन उचलतोय?"

रविवारी कोण उचलणार? मी मुलाला पीएफच्या साइटवर लॉगिन करायला सांगितलं. तिथे सर्व्हिस हिस्टरी दिसते: कोणत्या कंपनीत, कोणत्या तारखेपासून. ती नोंद कंपनीनेच केलेली असते, कर्मचाऱ्याला घरबसल्या बनवता येत नाही. ओटीपी यायला वेळ लागला. खालून टेम्पोवाल्याचा हॉर्न दोनदा वाजला. मग पान उघडलं. पत्रावरचंच नाव, रुजू तारीखही तीच, आणि पासबुकात गेल्या महिन्यापर्यंत भरणा. काकांनी चष्मा लावून एकेक ओळ तपासली. शेवटी बँकेतलाच माणूस.

एवढ्यावर सुटेल असं वाटलं, पण त्यांचं बोट पत्रातल्या खालच्या ओळीवर थांबलं. कंत्राट ३१ मार्चला संपत होतं आणि आपला करार अकरा महिन्यांचा. ही शंका मात्र रास्त होती. मुलगा म्हणाला, "काका, कंत्राट दर वर्षी वाढतं. पासबुकात दिसतंय की, मध्ये खंड नाही." खरं होतं, पण पुढच्या वर्षीची हमी त्यातून मिळत नाही. कंपनीचं पत्र भाडं भरत नाही. अडचणीला उपयोगी पडते ती अनामत. ती इथे तीन महिन्यांची होती. मग मसुद्यात एक महिन्याची नोटीस दोन्ही बाजूंनी ठेवली आणि मालकाला हवा असलेला सहा महिन्यांचा लॉक-इन काढला. नोकरी गेली तर मुलाला बाहेर पडता यावं आणि काकांनाही थकबाकीच्या मागे धावावं लागू नये, असा हिशोब.

सह्यांआधी मुलाची बायको पहिल्यांदा बोलली. "काका, राग मानू नका, पण घर तुमच्याच नावावर आहे ना? लाइट बिल किंवा इंडेक्स टू दाखवाल?"

काका क्षणभर गप्प. मग उठून कपाटातून फाइल आणली. इंडेक्स टूवर नाव त्यांचंच होतं. मला ती पोरगी आवडली. पैसे देणारा माणूस सहसा हे विचारायला लाजतो.

पुढे अडलं ते काकांच्याच अंगठ्यापाशी. वयाने रेषा झिजतात, मशीन ओळखत नाही. हात धुऊन, पुसून, अंगठ्यावर थोडं क्रीम चोळून पुन्हा दाबला, तेव्हा कुठे आधारशी जुळला.

पोलिसांकडची भाडेकरूची माहितीही तिथेच भरून घेतली. वाकड पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतं, पत्त्यात पुणे लिहिलेलं असल्याने लोक पुणे शहर निवडतात. त्याची पावती काकांच्या मोबाइलवर गेल्यावर त्यांनी जुडगा काढला. टेम्पोवाल्याने थांबण्याचे जादा पैसे मागितले, त्यावरून मात्र अर्धे कोणी द्यायचे याचा वाद मी निघेपर्यंत चालू होता.