उत्तर १२६.५, मार्क सातपैकी सहा

पेपर तपासताना माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो मधल्या पेपरांवर. मांडणी नीट, पायऱ्या ओळीने लिहिलेल्या, आणि शेवटचं उत्तर मात्र चुकलेलं. अशा पेपरला किती मार्क द्यायचे हे आधी ठरवलं नसेल, तर सकाळी तपासलेल्या पेपरला एक न्याय मिळतो आणि संध्याकाळच्या पेपरला दुसरा. म्हणून या वेळी मी आणि माझ्याबरोबर तपासणीला असलेल्या सरांनी एकच प्रश्न धरून नियम पक्के केले, मगच लाल पेन हातात घेतलं.

प्रश्न ओळखीचाच होता. १२ सेमी बाजूच्या चौरस पत्र्याच्या चारही कोपऱ्यांतून x सेमी बाजूचे चौरस कापायचे, कडा वर दुमडायच्या आणि झाकण नसलेला डबा करायचा. डब्याचं घनफळ जास्तीत जास्त किती होईल? उत्तर असं येतं:

```
V = x(12 - 2x)^2 = 144x - 48x^2 + 4x^3
V' = 144 - 96x + 12x^2 = 12(x - 2)(x - 6)
x = 2,  V = 128
```

प्रश्नाला सात मार्क. मॉडेल आन्सरमध्ये ते असे वाटलेले: घनफळाची मांडणी, विस्तार, डेरिव्हेटिव्ह, समीकरणाची मुळं, योग्य मूळ निवडून दुसरं का सोडलं ते सांगणं, घनफळ तिथे कमालच आहे याची खात्री, आणि शेवटचं घनफळ. प्रत्येकाला एक. कागदावर हे सोपं दिसतं. अडचण तेव्हा येते जेव्हा तिसरी पायरी चुकते आणि तिच्यावर उभ्या असलेल्या पुढच्या चारही पायऱ्यांची संख्या मॉडेल आन्सरशी जुळत नाही.

मी आधी गठ्ठ्यातले थोडे पेपर मार्क न देता नुसते वाचले. कोणत्या ओळीवर मुलं घसरतात हे पाहिल्याशिवाय नियम करायचे नाहीत, असं माझं मत आहे. मॉडेल आन्सर लिहिणाऱ्याच्या डोक्यात बरोबर वाट असते. चुकीच्या वाटा पेपरातच भेटतात.

चूक नेमकी कुठे झाली हे शोधायला मी एक छोटी युक्ती वापरते. प्रत्येक ओळीत x = 1 टाकायचं. मूळ सूत्रात १ × १० × १० म्हणजे १०० येतात. विस्तारातही १४४ - ४८ + ४ म्हणजे १०० यायला हवेत. आले, तर तिथपर्यंत गाडी रुळावर आहे. डेरिव्हेटिव्हच्या ओळीत १४४ - ९६ + १२ म्हणजे ६० यायला हवेत. दोन-तीन बेरजांत चुकलेली ओळ सापडते, आणि एकदा ती सापडली की पुढचं सगळं त्या मुलाच्या आकड्यांनी तपासायचं, आपल्या नाही.

पहिला पेपर ज्याच्यावर आम्ही थांबलो, त्यात विस्तार बरोबर होता. डेरिव्हेटिव्हमध्ये 12x^2 ऐवजी 8x^2 लिहिलेलं. आता समीकरण झालं 8x^2 - 96x + 144 = 0, म्हणजे x^2 - 12x + 18 = 0. याचे सरळ अवयव पडत नाहीत. मुलीने सूत्र वापरलं, x = 6 ± 3√2 काढलं, म्हणजे सुमारे १.७६ आणि १०.२४. मग लिहिलं, "12 - 2x धन हवं, म्हणून x हा 6 पेक्षा लहान, 10.24 चालत नाही." दुसरं डेरिव्हेटिव्ह -96 + 16x काढून ते ऋण आहे हे दाखवलं, आणि शेवटी घनफळ १२६.५.

सर म्हणाले, "मॅडम, उत्तर चुकलंय, डेरिव्हेटिव्हसारखी मुख्य पायरीही चुकलीय. चार द्या." मी म्हटलं, चार देताना आपण कोणते तीन कापतोय ते बोटाने दाखवू. डेरिव्हेटिव्हचा एक कापला, तो रास्त. त्यानंतर तिने सोडवलेलं समीकरण आपण विचारलेल्या समीकरणापेक्षा अवघड होतं. आपल्या समीकरणाची मुळं तोंडी येतात, हिला करणी हाताळावी लागली. मूळ का सोडलं याचं कारण पूर्ण, कमालची खात्री पूर्ण, घनफळात किंमत टाकणं अचूक. तिथे एकही मार्क कापायला जागा नाही. एकाच चुकीचे पैसे दोनदा वसूल करायचे नाहीत, हा आमचा पहिला नियम इथे ठरला. सातपैकी सहा.

सरांनी लगेच एक चांगला प्रश्न विचारला: उत्तर १२८ च्या जवळ आलंय म्हणून तर आपण उदार होत नाही ना? नाही, आणि होऊही नये. कमाल बिंदूच्या आसपास आलेख जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे x थोडा चुकला तरी घनफळ फारसं हलत नाही. जवळ येणं हा त्या फलनाचा गुण आहे, मुलीच्या तर्काचा नाही. हाच तर्क वापरून तिचं उत्तर ९० आलं असतं, तरी मार्क तेवढेच राहिले असते.

दुसऱ्या पेपरात (12 - 2x)^2 चा विस्तार 144 - 4x^2 केलेला. मधलं पदच गायब. ही नजरचूक नव्हे, वर्गविस्तार चुकीचाच पाठ आहे. पुढे V' = 144 - 12x^2, x = √12, म्हणजे ३.४६, आणि घनफळ सुमारे ३३२.६. इथेही पुढच्या ओळी आपापल्या जागी बरोबर आहेत. मग पहिल्या पेपरसारखेच सहा द्यायचे का?

इथे आम्ही थोडं भांडलो. शेवटी असं ठरलं की चूक कोणत्या जातीची, यावर पुढचे मार्क ठरवायचे नाहीत. चुकीमुळे पुढचं काम सोपं झालं का, हे पाहायचं. मुळांचा मार्क होता पूर्ण वर्गसमीकरण सोडवण्याचा. इथे x चं पद उडाल्यामुळे नुसतं वर्गमूळ घ्यायचं उरलं. जे कौशल्य पाहायचं होतं ते पेपरात दिसलंच नाही, म्हणून तो मार्क नाही. बाकीच्या पायऱ्यांना आहे. ऋण मूळ का सोडलं ते त्याने लिहिलं होतं, दुसरं डेरिव्हेटिव्हही काढलं होतं. सातपैकी पाच. त्याच्या चुकीतून x सहापेक्षा मोठा आला असता, तर डब्याच्या तळाची बाजूच ऋण झाली असती. ते न पाहता तो पुढे गेला असता, तर मूळ निवडण्याचा मार्क आणि घनफळाचा मार्क दोन्ही गेले असते.

खरी परीक्षा झाली ती पुढच्या दोन पेपरांत, कारण दोघांची चूक एकच होती. दोघांनी विस्तारात 48x च्या जागी 24x लिहिलं. त्यामुळे V = 144x - 24x^2 + 4x^3, आणि डेरिव्हेटिव्ह 144 - 48x + 12x^2. ते शून्य ठेवून १२ ने भागलं की x^2 - 4x + 12 = 0. याचा विवेचक १६ - ४८, म्हणजे -३२. वास्तव मुळंच नाहीत. रस्ता बंद.

एका मुलाने विवेचक काढला, वास्तव मुळं नाहीत असं लिहिलं, आणि खाली दोन ओळी: "x = 0 आणि x = 6 ला घनफळ शून्य. मध्ये ते धन आहे, म्हणजे मध्ये कुठेतरी कमाल असणारच. माझा विस्तार चुकला आहे." एवढ्यावर पेपर थांबला. वेळ संपला असावा.

दुसऱ्याच्या पेपरात 16 - 48 लिहून खोडलेलं होतं. त्याखालच्या ओळीत 12x^2 च्या मागचं अधिक चिन्ह उणे झालेलं. आता समीकरण x^2 + 4x - 12 = 0, मुळं २ आणि -६. ऋण मूळ सोडलं, x = 2, घनफळ २ × ८ × ८ = १२८. चौकटीत बरोबर उत्तर.

नुसतं उत्तर पाहणाऱ्याने याला सात आणि आधीच्याला दोन दिले असते. आम्ही ओळीने गेलो. मांडणीचा एक दोघांनाही. विस्तार दोघांचा चूक. स्वतःच्या विस्ताराचं डेरिव्हेटिव्ह दोघांचं बरोबर, एक. थांबलेल्या मुलाला मुळांचा एक, कारण वास्तव मुळं नाहीत हा त्याच्या समीकरणाचा अचूक निष्कर्ष आहे. मूळ निवडण्याच्या पायरीत आम्हाला पाहायचं होतं की x ० आणि ६ यांच्यामध्ये आहे हे मुलाला उमगलंय का. त्याच्या दोन ओळींत ते होतंच, वर कमाल का असायलाच हवी याचं कारणही होतं. तोही एक. एकूण चार.

चिन्ह बदललेल्या पेपरात त्या ओळीपासून पुढे आम्ही काही मोजलं नाही, फक्त शेवटी मूळ सूत्रात x = 2 टाकून काढलेल्या घनफळाचा एक दिला. एकूण तीन. खोडलेलं 16 - 48 नसतं, तर आम्ही ती साधी चिन्हाची चूक धरली असती आणि पुढचे मार्क दिले असते. मुलाच्या मनात काय होतं हे तपासणाऱ्याला कळत नाही. कागदावर काय आहे तेवढंच धरायचं. इथे कागदावर होतं की समीकरणाला मुळं नाहीत हे दिसल्यावर समीकरण बदललं गेलं. पुढे नेलेल्या चुकीचे मार्क त्यांना, जे आपल्या आधीच्या ओळीशी प्रामाणिक राहतात.

सगळे पेपर झाल्यावर सरांनी माझ्या गठ्ठ्यातले काही, मी त्यांचे काही, मार्क झाकून पुन्हा तपासले. फरक पडला तो जवळजवळ सगळा "काम सोपं झालं का" या नियमावरच. तिथे आम्ही मार्कांशेजारी समासात एक शब्द लिहायची सवय लावली: सोपं, तेवढंच, अवघड. तेवढ्यानेही दोघांचे आकडे जुळायला लागले.

पेपर दाखवायच्या दिवशी तीन मिळालेला मुलगा अपेक्षेप्रमाणे आला. "मॅडम, उत्तर तर १२८च आहे ना?" मी त्याला त्याच्याच, चिन्ह बदलण्याआधीच्या ओळीचं दुसरं डेरिव्हेटिव्ह काढायला सांगितलं आणि त्यात x = 2 टाकायला लावलं. -48 + 24x, म्हणजे शून्य. मग विस्तारात x = 1 टाकायला सांगितलं. १४४ - २४ + ४. "१२४," तो म्हणाला, आणि वरच्या मूळ सूत्राकडे पाहून, "इथे तर १०० येतात." मग त्याने माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि (12 - 2x) दोनदा शेजारी लिहून एकेक पद गुणायला सुरुवात केली.