भोक आरपार होताना मोडणारं ड्रिल

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात हायड्रॉलिक फीडचं ड्रिलिंग एसपीएम, म्हणजे एकाच कामासाठी बनवलेलं मशीन आहे. स्टीलच्या फोर्जिंगला 22 मिमीचं आरपार भोक पाडायचं, एवढंच त्याचं काम. तक्रार अशी की ड्रिल नेमकं भोक आरपार होतानाच मोडतं. ड्रिलची कंपनी बदलली, धार लावणारा बदलला, कूलंटचा पाइप हलवून पाहिला. फरक शून्य. मग मला बोलावलं.

ऑपरेटर काका जुने, जाणते. ते म्हणाले, "साहेब, मी व्हॉल्व्हला हातही लावत नाही. शेवटी स्लाइड आपली आपणच पळते."

स्लाइडच्या कडेला पट्टी लावली आणि स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो. ड्रिल धातूत असताना फीड मिनिटाला 72 मिमी भरला. 240 आरपीएमला म्हणजे फेरीमागे 0.3 मिमी, अगदी हवा तेवढा. मग जॉब काढून तीच स्लाइड रिकामी चालवली, तर मिनिटाला 120 मिमी! फेरीमागे अर्धा मिमी. ड्रिलचं टोक बाहेर पडतं तेव्हा कडा अजून धातूत अडकलेल्या असतात आणि नेमक्या त्याच क्षणी स्लाइड रिकाम्या वेगाकडे झेपावते. ड्रिल मोडेल नाही तर काय होईल?

सिलिंडरच्या रॉडकडच्या बाजूने टाकीत परत जाणाऱ्या तेलावर निडल व्हॉल्व्ह होता. तिथे, व्हॉल्व्हच्या अलीकडे, गेज बसवला. कापताना काटा 27 बारवर, रिकामं चालताना 74 वर. "रिलीफ तर पन्नासवर आहे, मग हे 74 कुठून आले?" मेंटेनन्सच्या पोराने विचारलं. प्रश्न रास्त होता, कारण रिलीफ व्हॉल्व्ह पंपाचा दाब पन्नासच्या वर जाऊ देत नाही. बोअर 63, रॉड 36. मागच्या बाजूचं क्षेत्रफळ 31 चौरस सेंटीमीटर, रॉडकडे रॉडची जागा वजा जाता 21. मागून 50 बारने ढकललं आणि पुढे विरोध करायला ड्रिलच नसेल, तर सगळा जोर रॉडकडच्या तेलावर येतो आणि तिथला दाब दीडपटीच्या जवळ जातो. (तिथला होज किती बारचा आहे, हे मी आधीच पाहून घेतलं होतं.)

निडल व्हॉल्व्ह म्हणजे फक्त भोक लहान-मोठं करायची सोय. त्यातून जाणारं तेल दाबातल्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. 27 ला 74 ने भागून वर्गमूळ काढलं तर 0.6 येतं, 120 चे 0.6 पट म्हणजे 72. गेज आणि स्टॉपवॉच एकच गोष्ट सांगत होते. सुई आवळून शेवटचा वेग काबूत आणता येतो, पण मग ड्रिल धातूत कापायचं सोडून घासत बसतं आणि धार जळते. काकांनी तेही करून पाहिलं होतं.

त्याच जागी प्रेशर कॉम्पेन्सेटेड फ्लो कंट्रोल बसवला. मिनिटाला जेमतेम 150 सीसी तेल जायचं असल्यामुळे मुद्दाम कमी रेंजचा घेतला, नाहीतर नॉबच्या पहिल्या रेघेतच सगळं सेटिंग संपतं. या व्हॉल्व्हमध्ये थ्रॉटलबरोबर स्प्रिंगवर एक स्पूल असतो. दाब वाढला की तो सरकून वाट अरुंद करतो, कमी झाला की उघडतो. वाढीव दाब स्पूलवरच खर्ची पडतो आणि थ्रॉटलच्या दोन बाजूंमधला फरक स्प्रिंगने ठरवल्याएवढाच राहतो. काटा अजूनही 27 वरून 74 वर उडी मारत होता, पण पट्टीवर वेग 72 चा फार तर 74 झाला.

काम तिथे संपलं नाही. आता रॅपिडमधून, म्हणजे जॉबजवळ येतानाच्या वेगवान चालीतून, फीडमध्ये येताना स्लाइड हलकीशी उडी घेऊ लागली. रॅपिडमध्ये तेल बायपासने जातं, फ्लो कंट्रोलवर दाबाचा फरकच नसतो आणि स्पूल पूर्ण उघडा बसलेला असतो. फीड सुरू झाल्यावर त्याला आपल्या जागेवर यायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात जास्तीचं तेल निसटतं. लिमिट स्विच दाबणारा डॉग सरकवला, फीड जॉबच्या आठ-दहा मिमी आधीच सुरू केला. उडी हवेतच विरली.

काकांना एवढं मात्र सांगून ठेवलं की कापताना काटा दहा बारच्या खाली आला तर ड्रिल बोथट झालंय असं समजा आणि बदला. तेवढ्या कमी दाबात स्पूल पूर्ण उघडा पडतो आणि हा महाग व्हॉल्व्हही निडल व्हॉल्व्हसारखाच वागतो.

मालकांना क्लॅम्पच्या सिलिंडरवरही हाच व्हॉल्व्ह हवा होता. मी नको म्हटलं. जॉब धरेपर्यंत क्लॅम्पवर लोड जवळपास नसतोच, आणि धरल्यावर तो थांबतो. तिथला निडल व्हॉल्व्ह तसाच ठेवला.