'जमेल तसं बघा सर'चं इंग्रजी

परवा सांगलीचा एक ग्राफिक डिझायनर पोरगा माझ्याकडे आला, म्हणजे मराठीत लिहिलेल्या नोट्स व्हॉट्सॲपवर पाठवल्या. टेक्सासच्या क्लायंटकडे 1,850 डॉलर अडकलेत, इंग्रजीत मेल करून द्या. नोट्स वाचून मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. "सर तुम्ही बिझी असाल, त्रास देतोय माफ करा, पेमेंट पेंडिंग आहे तेवढं जमेल तसं बघाल का, घाई नाही पण जरा अडचण आहे, पुढचं काम चालूच ठेवलंय काळजी नको."

मराठीत हे सगळं बरोबर आहे हो, समोरच्याला कळतं की बाबा पैसे हवेत. पण जसंच्या तसं इंग्रजीत नेलं तर क्लायंट 'घाई नाही' एवढंच वाचणार. आणि खरी गोची 'पेंडिंग'ची आहे, आपण थकलेल्या पैशाला पेंडिंग म्हणतो, तिकडे 'पेमेंट पेंडिंग' म्हटलं की पैसे निघालेत, बँकेत प्रोसेस होतायत असं वाटतं! तिथे 'ओव्हरड्यू'च पाहिजे.

मग त्याला फोन करून तारखा विचारल्या. इनव्हॉइस 3 मार्चचं, मुदत 30 दिवस, म्हणजे 2 एप्रिल. मेल 21 एप्रिलला जाणार म्हणजे 19 दिवस उशीर. विषयाच्या ओळीतच इनव्हॉइस नंबर आणि '19 डेज ओव्हरड्यू' टाकलं. महिना अक्षरात लिहिला, कारण 02/04 अमेरिकन माणूस 4 फेब्रुवारी वाचतो. माफी, अडचण सगळं उडवलं. 'जमेल तसं'च्या जागी 'प्लीज पे बाय 28 एप्रिल'. लेट फी लावू का म्हणाला, पण ॲग्रीमेंटमध्ये तसं काही नव्हतंच, मग नाही लिहिली. 'काळजी नको'चं मात्र उलटं केलं, पैसे आल्यावर पुढचं काम सुरू करू असं, पण हे माझ्या मनानं कसं लिहिणार, त्याला विचारलं.

"ताई, एवढं कडक? चिडले तर?"

"यात एक तरी शब्द उद्धट आहे का सांग. प्लीज आहे, शेवटी थँक यू आहे."

पाच मिनिटं गप्प होता, मग म्हणाला पाठवतो.

दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं, राग वगैरे काही नाही. इनव्हॉइसवर पीओ नंबर, म्हणजे त्यांच्या परचेस ऑर्डरचा नंबर, नव्हता म्हणून अकाउंट्सनं बाजूला ठेवलेलं, नंबर टाकून परत पाठवा. आधीचे दोन 'जेंटल रिमाइंडर' गेलेले त्यावर कुणी हे सांगायची तसदीही घेतली नव्हती.

27 तारखेला पैसे आले. 1,825. वरचे 25 मधल्या बँकेनं चार्जेस म्हणून कापले. तर ह्याचा मेसेज, "ताई, याचा पण एक कडक मेल करायचा का?"